शीमध्ये गाजर-मटार जसेच्या तसे, मूल मात्र ठणठणीत. काय समजायचं?

निळीशाई
माझा मुलगा २२ महिन्यांचा आहे. दीड-दोन महिने झाले, दिवसातून चार-पाच वेळा शी होते. सकाळची पहिली बऱ्यापैकी घट्ट असते, दिवस चढेल तशी पातळ होत जाते. दुपारनंतरच्या शीमध्ये गाजराचे तुकडे, अख्खे मटार, मक्याचे दाणे, फुगलेल्या मनुका असं सगळं दिसतं. सकाळी काय खाल्लं ते ओळखू येतं इतकं स्पष्ट. रात्री मात्र एकदाही होत नाही.

ताप नाही, उलट्या नाहीत, रक्त नाही, पोट दुखतंय असंही वाटत नाही. दिवसभर धुडगूस चालू असतो. वजन तीन महिन्यांपूर्वी ११ किलो होतं, आता ११.६ आहे. डॉक्टरांनी पोट तपासलं, वजन-उंची पाहिली आणि "वाढतोय छान, काळजी करू नका" म्हणून सोडून दिलं. सासूबाई म्हणतात, खाल्लेलं अंगाला लागत नाहीये. मला दोन्ही पटतं, म्हणूनच झोप उडाली आहे.

सध्या मी पोटाला हलकं देतेय. मऊ भात, केळं, कोरडा टोस्ट, साय काढलेलं दूध. तेल-लोणी जवळपास बंद. अंगातलं पाणी कमी होऊ नये म्हणून सफरचंदाचा ज्यूस सिप्परमध्ये भरून ठेवते, येता-जाता पितो. अजून काय बंद करू?

शेवंती७
अगं दोन महिने जुलाब आणि तू घरी काय बसलीस? ताबडतोब ओआरएस सुरू कर आणि डॉक्टरांना झिंक विचार. तोंड कोरडं पडलंय का, लघवी कमी झालीय का बघ. माझ्या भाचीला असंच झालं होतं, दोन दिवसांत सलाईन लावायची वेळ आली.

निळीशाई
नाही हो शेवंतीताई, तसं नाहीये. लघवी भरपूर होते, डायपर बदलून हात दुखतात. उलट नेहमीपेक्षा जास्तच होते म्हणा.

दुपारची_झोप
हे दुधाचं काम आहे. माझ्या धाकटीला पोट बिघडल्यावर दूध पचेनासं झालं होतं. दूध बंद केलं, आठवड्याभरात शी घट्ट. तुम्ही दूध पूर्ण बंद करून बघा आणि जोडीला गहूही बंद करा, हल्ली गव्हाचा त्रास फार मुलांना असतो. आणि भाज्या जशाच्या तशा पडतायत म्हणजे पचनच मंद आहे. पाचक एन्झाइमचे थेंब मिळतात, ते विचारा.

कोपऱ्यातली_खुर्ची
मी लहान मुलांच्या वॉर्डात आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम केलंय. निळीशाई, तुम्ही लिहिलेलं वर्णन आम्ही आठवड्यातून एकदा तरी ऐकायचो, अगदी गाजर-मटारासकट. याला टॉडलर्स डायरिया म्हणतात. एक ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये दिसतो. चार आठवड्यांहून जास्त दिवस, दिवसाला चार किंवा अधिक पातळ शी, दुखणं नाही, झोपेत शी नाही आणि वाढ व्यवस्थित. शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेकांचा आपोआप थांबतो.

दुपारची_झोप, पचन मंद आहे हे नेमकं उलट आहे. इथे आतड्याची चाल जलद असते. पोटात काही पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, ते सगळ्यांचंच होतं, पण या वयात तो धक्का जोरदार असतो. त्यात हे मूल अजून नीट चावत नाही. पहिल्या दाढा साधारण दीड वर्षाच्या आसपास येतात, त्यांच्या मागच्या दुसऱ्या दाढा दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान. म्हणजे २२ महिन्यांचं मूल मटार दळत नाही, गिळतं. मटाराची आणि मक्याची साल, गाजराच्या पेशींच्या भिंती यांत जो सेल्युलोज असतो तो तुम्हालाही पचत नाही आणि मलाही नाही. आपण तो चावून बारीक करतो आणि आतड्यात जास्त वेळ ठेवतो, म्हणून ओळखू येत नाही इतकंच. मोठ्या माणसाने मका घाईत खाल्ला तर दुसऱ्या दिवशी काय दिसतं ते आठवा.

त्यामुळे शीमध्ये तुकडे दिसणं ही पचनाची परीक्षा नाही. अंगाला लागतंय की नाही हे वजनकाट्यावर ठरतं. तीन महिन्यांत ६०० ग्रॅम म्हणजे महिन्याला २००, या वयाला ते अगदी योग्य आहे. ज्या मुलाचं खाल्लेलं शोषलं जात नाही त्याचं वजन आधी अडकतं, मग उतरतं, उंची नंतर मागे पडते. तुमच्या डॉक्टरांनी तेच पाहिलं आणि म्हणून निश्चिंत झाले. त्यांनी हे दोन वाक्यांत समजावलं असतं तर बरं झालं असतं, पण ओपीडीत तेवढी सवड मिळेलच असं नाही.

आता मला एक सांगा, तो दिवसाला किती पितो? ज्यूस, दूध, पाणी, सगळं मोजून. अंदाज नको, एक दिवस मापाने ओता.

दुपारची_झोप
पण माझ्या मुलीची शी दूध बंद केल्यावरच थांबली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कोपऱ्यातली_खुर्ची
खोटं कोण म्हणतंय? तुमच्या मुलीला आधी पोटाचा संसर्ग झाला होता. त्यात आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि दुधातली साखर पचवणारं एन्झाइम काही दिवस कमी पडतं. अशा वेळी दूध प्यायल्यावर लगेच पाण्यासारखी शी, गॅस, ढुंगण लाललाल. अस्तर भरून आलं की दूध परत चालतं, बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत. तुम्ही नंतर परत सुरू केलंत ना?

दुपारची_झोप
हो, महिन्याभराने केलं. आता पेलाभर पिते.

कोपऱ्यातली_खुर्ची
मग तेच होतं. आणि गहू मात्र कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. गव्हाचा खरा आजार म्हणजे सिलिॲक, त्याची रक्ततपासणी गहू पोटात जात असतानाच खरी येते. आधीच गहू बंद केला तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, आणि मग महिनोन् महिने घोळ. शंका असेल तर आधी तपासणी, मग बंद.

गिरकी
माझ्या मुलीचा सिलिॲकच निघाला, म्हणून लिहिते. तिचं चित्र असं नव्हतं. दीड वर्षापर्यंत छान होती, मग वजन एका जागी थांबलं. पोट पुढे आणि हातपाय काड्या. चिडचिड इतकी की कडेवरून उतरायची नाही. शी ढीगभर, चकचकीत, पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहायची आणि वास सहन न होणारा. भाजीचे तुकडे दिसायचे का, ते मला आठवतसुद्धा नाही, कारण तिला भूकच नव्हती. निळीशाई, तुझा मुलगा धुडगूस घालतोय हे वाचून मला तरी हायसं वाटलं.

निळीशाई
गिरकी, आता कशी आहे गं ती? आणि खुर्चीताई (की दादा?), काल दिवसभर मापाने ओतलं. ज्यूस ६०० मिली, दूध ३००, पाणी साधारण ८००. एकूण १७०० मिली. खरं सांगायचं तर ज्यूसचा आकडा बघून मीच दचकले. सिप्पर लहान दिसतो पण दिवसातून तीनदा भरला जातो.

कोपऱ्यातली_खुर्ची
दादा. ताई म्हटलंत तरी राग नाही.

११.६ किलोच्या मुलाला सगळं धरून दिवसाला साधारण ११०० मिली द्रव पुरतं. त्याच्या पोटात १७०० जातंय, म्हणजे दीडपट. लघवी भरपूर होते म्हणालात त्याचं कारण तेच. जे जास्तीचं मूत्रपिंडातून निघत नाही ते खालून शीबरोबर निघतं.

पण नुसत्या पाण्यापेक्षा मोठा दोषी सफरचंदाचा ज्यूस. त्यात फ्रुक्टोज ही साखर ग्लुकोजपेक्षा बरीच जास्त असते, आणि फ्रुक्टोज शोषून घ्यायला आतड्याला सोबत ग्लुकोज लागतो. तो कमी पडला की उरलेला फ्रुक्टोज पुढे मोठ्या आतड्यात जातो. जोडीला सॉर्बिटॉल, तो तर शोषलाच जात नाही फारसा. या दोन्ही साखरा आतड्यात पाणी ओढून घेतात, जंतू त्यांना आंबवतात, गॅस होतो. नासपतीचा ज्यूसही असाच, किंबहुना त्यात सॉर्बिटॉल आणखी जास्त. म्हणून बद्धकोष्ठ असलेल्या मुलांना आम्ही हेच ज्यूस मुद्दाम द्यायला सांगतो! तुम्ही जुलाबाच्या मुलाला तेच ६०० मिली देताय.

त्या ६०० मिलीत जवळपास ६० ग्रॅम साखर आहे. त्या वयाला दिवसाला लागणाऱ्या उष्मांकाचा पाव हिस्सा तिथेच संपतो, मग जेवायला भूक कुठून उरणार? एक ते तीन वर्षांच्या मुलाला ज्यूस द्यायचाच तर दिवसाला १२० मिलीच्या आत, पेल्यातून, जेवणाबरोबर. नाही दिला तरी काही बिघडत नाही. अख्खं फळ चालेल.

दुसरी गोष्ट तुम्ही तेल-लोणी आणि साय काढून केलीत. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोचले की जठर आपलं दार हळू उघडतं आणि आतड्याची चालही मंदावते. तो ब्रेक तुम्ही काढून टाकलात आणि वरून ज्यूसचा उतार दिलात. भात-केळं-टोस्ट हे एखाद-दोन दिवसांच्या आजाराला ठीक असतं, महिनाभर चाललं की त्यानेच शी पातळ राहते. असे कितीतरी आईबाप पाहिलेत. शी पातळ म्हणून आहार आणखी हलका, आहार हलका म्हणून शी आणखी पातळ.

शेवंती७
मला वाटलं साधे जुलाब. मी उगाच घाबरवलं. पण एक विचारू? शी थांबवायच्या गोळ्या मोठ्यांना देतात, त्याचा पाव भाग करून द्यायचा का?

कोपऱ्यातली_खुर्ची
अजिबात नाही. इतक्या लहान मुलांना त्या धोकादायक आहेत, आतडंच निपचित पडू शकतं. आणि इथे थांबवण्यासारखा आजारच नाही.

निळीशाई
मग नक्की किती स्निग्ध द्यायचं? आकड्यात सांगा, नाहीतर मी एकदम वाटीभर लोणी घालेन.

कोपऱ्यातली_खुर्ची
दिवसाचे सुमारे १००० उष्मांक धरले तर त्यातले ३५ टक्के स्निग्धातून, म्हणजे ४० ग्रॅमच्या थोडं अलीकडे. साय न काढलेलं दूध ३०० मिली घेतलं तर १० ग्रॅमच्या आसपास तिथेच झाले. एक अंडं ५ ग्रॅम. तीन छोटे चमचे तेल किंवा लोणी, दिवसभराच्या जेवणांत विभागून, १३ ग्रॅम. लहान वाटी दही ४ ग्रॅम. उरलेलं बाकीच्या अन्नातून आपसूक येतं. म्हणजे वेगळं काही करायचं नाही, घरातल्या इतरांच्या ताटात जेवढं तेल-लोणी असतं तेवढं त्याच्याही ताटात ठेवायचं.

भाज्या बंद करू नका. गाजर-मटार दिसतात म्हणून ते काढून टाकणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. तंतुमय पदार्थ पाणी धरून ठेवतात, शीला आकार देतात. फक्त गाजर किसून किंवा बोटांनी चिरडेल इतकं शिजवा, मटार चमच्याने दाबून द्या. मटार अख्खे देणं तसंही या वयात घशात अडकायच्या दृष्टीने बरं नाही. मनुकांमध्येही सॉर्बिटॉल असतो, त्या थोड्या आणि बारीक करून. पण उलट टोकालाही जाऊ नका, कोंडा वगैरे वरून घालायची गरज नाही.

आणि येता-जाता खाणं-पिणं थांबवा. तीन जेवणं, दोन मधली खाणी, मध्ये फक्त पाणी आणि तेही तहान लागेल तेवढं. दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात गेलं की दर अर्ध्या तासाला आतड्याला धक्का बसतो.

डबा_नंबर_चार
नुसतं वाचतोय, पण एक शंका. आमच्या मुलाला खोकल्याचं औषध चालू झालं की शी पातळ होते. त्याचा याच्याशी संबंध?

कोपऱ्यातली_खुर्ची
असू शकतो. साखर नसलेल्या बऱ्याच सिरपमध्ये गोडीसाठी सॉर्बिटॉल असतो. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. अँटिबायोटिक असेल तर ते कारण वेगळं, त्यानेही शी पातळ होते.

रानवाट
सगळं खरं, पण मी थोडा वाद घालते. माझा मुलगाही असाच, वाढ व्यवस्थित, सगळे म्हणाले आपोआप जाईल. पाळणाघरातल्या आणखी दोन मुलांना झालं तेव्हा शी तपासली आणि जिआर्डिया नावाचा आतड्यातला परजीवी निघाला. औषध दिल्यावर आठवड्यात बंद. तेव्हा वाढ चांगली आहे एवढ्यावर सोडू नका, शी एकदा तपासाच. आणि एक रिपोर्ट चांगला आला तरी थांबू नका, आमचा पहिला स्वच्छ आला होता.

कोपऱ्यातली_खुर्ची
रानवाट, तुमच्या मुद्द्यात दम आहे. जिआर्डिया शीमध्ये रोज उतरत नाही, त्यामुळे एका नमुन्यात सुटू शकतो. पाळणाघरात जाणारं मूल असेल आणि इतरांनाही त्रास असेल तर तपासणी करायलाच हवी. पण प्रत्येक वाढत्या मुलाची शी तीन-तीनदा तपासायची याला मी तयार नाही. निरुपद्रवी काहीतरी सापडतं आणि मग त्यावर औषधांचा मारा सुरू होतो. माझं मत, आधी दोन आठवडे ज्यूस आणि खाण्यापिण्याच्या वेळा सुधारा, फरक पडला नाही तर तपासा.

रानवाट
तुम्ही दोन आठवडे म्हणता, डायपर मी बदलते ना! असो, माझं मत मी बदलणार नाही.

गिरकी
थांबायचं नाही अशा गोष्टी कुठल्या, ते एकदा लिहा दादा. आम्ही चार महिने "आपोआप जाईल" ऐकत बसलो होतो.

कोपऱ्यातली_खुर्ची
वजन थांबलं किंवा उतरलं. शीमध्ये रक्त. झोपेतून उठून शी होते, किंवा झोपेतच होते. वारंवार ताप, उलट्या. तुम्ही लिहिलीत तशी चकचकीत, चिकटणारी शी. पोट फुगलेलं आणि मूल मलूल, फिकट. यातलं एकही असेल तर हा धागा बंद करून डॉक्टरांकडे जायचं. आणखी एक, जे लोक विसरतात. काही मुलांना मुळात बद्धकोष्ठ असतं, आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ शी झिरपते. ती थोडी-थोडी, चड्डीला डाग पडण्यासारखी असते. डॉक्टर पोट चाचपतात ते त्यासाठीही.

निळीशाई
तीन आठवड्यांनी लिहितेय. ज्यूस एकदम तोडला तर घर डोक्यावर घेतलं, म्हणून रोज थोडं जास्त पाणी घालत गेले. दहाव्या दिवशी सिप्परमध्ये नुसतं पाणी होतं आणि त्याने ते फेकून दिलं, मग विषयच संपला. आता पेल्यातून जेवणाबरोबर पितो. एकूण द्रव ११००-१२०० वर आलंय. साय परत सुरू, अंडं आवडतं, लोणी टोस्टवर.

शी आता दिवसाला दोन-तीन. सकाळची घट्ट, दुसरी मऊसर. मधे एका लग्नाला गेलो होतो, तिथे कुणी ना कुणी त्याच्या हातात ज्यूसचं पॅक देत राहिलं, तेव्हा दोन दिवस परत पाच-सहा. वजन ११.८. भूक इतकी वाढलीय की माझ्या ताटातलं उचलतो. गाजर अजूनही दिसतं, किसलं तरी नारिंगी ठिपके असतातच. सासूबाईंना वजनाचा तक्ता दाखवला, त्या म्हणाल्या काटा बिघडला असेल.

दुपारची_झोप
हाहा. सासूबाईंना काट्यावर उभं करा.
प्रोबायोटिकची पावडर देताय का? मला कुणीतरी सांगितलं की त्याने तुकडेही दिसेनासे होतात.

कोपऱ्यातली_खुर्ची
तुकडे दाढा आल्यावर कमी होतील, पावडरीने नाही. या त्रासावर प्रोबायोटिकचा भरवशाचा उपयोग होतो असं मी म्हणणार नाही, देणारे डॉक्टर आहेत आणि त्यांचा अनुभव वेगळा असू शकतो. निळीशाई, नारिंगी ठिपके राहू द्यात. वजन आता दर आठवड्याला करू नका, या वयात दोन-तीन महिन्यांतून एकदा, त्याच काट्यावर.

निळीशाई
बरं. एक प्रश्न मात्र राहिलाच आहे. पाळणाघरवाल्या बाई दिवसातून तीनदा शी झाली की फोन करून न्यायला सांगतात, संसर्ग असेल म्हणून. डॉक्टरांची चिठ्ठी दिली तरी ऐकत नाहीत. कुणी यातून मार्ग काढलाय का?

रानवाट
आम्ही नाही काढू शकलो, पाळणाघर बदललं. पण जिआर्डियाच्या अनुभवानंतर त्या बाईंची बाजूही मला कळते. शीचा स्वच्छ रिपोर्ट दाखवून बघ, चिठ्ठीपेक्षा त्याला वजन असतं. म्हणजे शेवटी तपासणी करावीच लागणार बघ!